राजीनाम्याचे खरे कारण नोंदवून घ्या : मनुष्यबळ विभागप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
मनुष्यबळ विभागप्रमुख,
मी पूर्वी जिथे काम करत होते ती कंपनी, चाकण

महोदय,

नोकरी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचा एक्झिट इंटरव्ह्यू यापुढे त्याच्या विभागप्रमुखांच्या उपस्थितीत घेतला जाईल आणि त्यात सविस्तर लेखी उत्तरांऐवजी फक्त दिलेल्या पर्यायांवर खूण करायची असेल, असे परिपत्रक आपण काढल्याचे मला माजी सहकाऱ्यांकडून कळले. मी सोडताना माझ्या विभागप्रमुखांविषयी जे लेखी मत दिले, त्यानंतर थोड्याच दिवसांत हे परिपत्रक निघाले. माझ्या मतामुळे काही सुधारणा झाली नसती, तरी मी गप्प बसले असते, कारण सोडून गेलेल्या माणसाने मागे राहिलेल्या घरात किती लक्ष घालावे याला मर्यादा असते. पण माझ्यानंतर सोडणाऱ्या प्रत्येकाने खरे बोलण्याची वाटच या निर्णयाने बंद होते, आणि ते मला मान्य नाही.

हे पत्र उघडपणे लिहीत असले, तरी त्यात कंपनीचे, विभागप्रमुखांचे किंवा कोणत्याही ग्राहकाचे नाव मी दिलेले नाही आणि पुढेही देणार नाही. याचे कारण सौजन्याइतकेच कायद्यातही आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये बदनामीच्या गुन्ह्याला जे अपवाद दिले आहेत, त्यांत एक असा आहे की, एखाद्या व्यक्तीवर ज्यांचा त्या बाबतीत कायदेशीर अधिकार चालतो, त्यांच्याकडे तिच्याविषयी सद्भावनेने केलेली तक्रार ही बदनामी ठरत नाही. म्हणजे विभागप्रमुखांविषयीचे माझे प्रामाणिक मत आपल्या टेबलावर मांडणे हा माझा रास्त मार्ग होता. तेच मत त्यांच्या नावासकट चारचौघांत मांडणे हा वेगळा प्रकार झाला असता. रास्त मार्गाने दिलेल्या मताचे पुढे काय झाले, एवढेच मी इथे सांगते आहे.

मी गुणवत्ता विभागात पाच वर्षांहून अधिक काळ काम केले. यंत्रावरून उतरलेल्या भागांची तपासणी, मापनसाधनांचे कॅलिब्रेशन, म्हणजे ती अचूक माप दाखवतात का याची ठरावीक मुदतीने पडताळणी, आणि ग्राहकाची तक्रार आली की तिच्या कारणाचा व उपायाचा आठ टप्प्यांचा एट-डी अहवाल तयार करणे ही माझी कामे होती. मी सोडले ते पगारासाठी नाही. नव्या ठिकाणी मला मिळणारा पगार जवळपास तेवढाच आहे आणि प्रवास अधिक आहे. तरीही आपल्या संगणकीय नोंदीत माझ्या राजीनाम्याचे कारण ‘बेटर ऑपॉर्च्युनिटी’ असे पडले आहे. ते मी सांगितलेले नव्हते. मुलाखत घेणाऱ्या आपल्या अधिकाऱ्यांनी मला चांगल्या हेतूनेच सुचवले होते, “मॅडम, एवढं सविस्तर कशाला लिहिता? बेटर ऑपॉर्च्युनिटी टाका, म्हणजे तुमचं काम लवकर होईल.” मी नको म्हटले, माझे लेखी मत दिले, आणि शेवटी नोंद मात्र त्यांच्या सूचनेप्रमाणेच झाली.

या एका नोंदीचा परिणाम माझ्यापुरता फारसा नाही, पण आपल्यासाठी तो मोठा आहे. वर्षाअखेरीस व्यवस्थापनापुढे जेव्हा माणसे का सोडून जातात याचा तक्ता ठेवला जातो, तेव्हा त्यातला सर्वांत मोठा रकाना ‘बेटर ऑपॉर्च्युनिटी’चा असतो, आणि त्यावरून निष्कर्ष निघतो तो पगाररचनेचा. एखाद्या विभागातून एकाच कारणाने लागोपाठ माणसे गेली, तर ते कारण तक्त्यात कुठेच दिसत नाही. गुणवत्ता विभागाच्या भाषेत सांगायचे, तर ही नोंद दोषाच्या लक्षणाची आहे, मूळ कारणाची नाही.

आता मी त्या मतात काय लिहिले होते ते सांगते, कारण ते वाचल्याशिवाय ते कडवट होते की उपयोगी होते हे ठरवता येणार नाही. तपशील ओळखू येणार नाहीत इतपत मी मोघम केले आहेत.

सुरुवातीला मी त्यांच्या चांगल्या कामाविषयी लिहिले होते, आणि तेही तितक्याच नेमकेपणाने. माझे विभागप्रमुख ड्रॉइंग वाचण्यात विलक्षण तरबेज आहेत. नवीन भागाचे ड्रॉइंग आले की कोणते माप यंत्रावर त्रास देणार आणि कोणत्या मापासाठी आपल्याकडे योग्य गेज, म्हणजे मापनसाधन, नाही, हे ते पहिल्याच बैठकीत सांगत, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघे. ग्राहकाच्या ऑडिटमध्ये एखाद्या कनिष्ठ तपासनिसाला उलटसुलट प्रश्न आले, तर ते स्वतः पुढे होऊन उत्तर देत. पुढची तक्रार गोड वाटावी म्हणून मी हे लिहिले नव्हते. ज्या माणसाविषयी आपण मत देतो आहोत त्याचे कोणते काम चांगले आहे हे सांगता येत नसेल, तर वाचणाऱ्याला उरलेल्या मताचे वजन करता येत नाही. ‘ते माणूस म्हणून चांगले आहेत’ अशा वाक्याने कोणाचेच भले होत नाही. ‘गेजची अडचण ते आधी ओळखतात’ या वाक्यावरून मात्र त्यांना कोणते काम द्यावे हे तरी आपल्याला कळू शकते.

त्यानंतर तीन गोष्टी होत्या. त्यांतली पहिली सर्वांत महत्त्वाची, म्हणून तिच्यावर मी अधिक जागा खर्च केली होती आणि इथेही करते.

एका भागातल्या बोअरचा, म्हणजे आतल्या गोल भोकाचा, व्यास वरच्या मर्यादेपेक्षा मोठा येतो, अशी ग्राहकाची तक्रार आली. त्या बोअरला एकूण सूट होती 25 मायक्रॉनची, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. असे माप साध्या व्हर्नियरवर कळत नाही. ते एअर गेजवर तपासतात, आणि एअर गेज आधी सेटिंग रिंगवर, म्हणजे नेमके माप असलेल्या प्रमाण रिंगवर, लावून घ्यावा लागतो. आमच्या तपासणीत असे दिसले की, ती सेटिंग रिंग रोजच्या वापराने आतून झिजली होती. रिंग झिजली की तिचे भोक मोठे होते, गेज त्या मोठ्या भोकालाच प्रमाण मानतो, आणि मग मर्यादेबाहेर गेलेला भागही पडद्यावर मर्यादेत दिसतो. रिंगच्या कॅलिब्रेशनची तारीख उलटून गेली होती आणि दुसरी रिंग भांडारात नव्हती. ऑपरेटरने कामाच्या सूचनेप्रमाणे प्रत्येक भाग तपासला होता आणि जे दिसले तेच लिहिले होते.

एट-डी अहवालात चौथा टप्पा मूळ कारणाचा असतो. आम्ही तिथे रिंगची झीज आणि चुकलेले कॅलिब्रेशन असे लिहिले. ग्राहकाकडे गेलेल्या अंतिम अहवालात मात्र त्या जागी ‘ऑपरेटरने सूचनेचे पालन केले नाही’ असे कारण होते आणि उपाय म्हणून फेरप्रशिक्षणाची नोंद होती. बदल करण्याआधी किंवा नंतर आमच्याशी चर्चा झाली नाही. त्या ऑपरेटरला लेखी समज मिळाली. काही आठवड्यांनी हीच तक्रार दुसऱ्या पाळीतल्या भागांवर आली, जिथे ऑपरेटर वेगळा होता आणि गेज व रिंग मात्र तीच होती. नवी रिंग त्यानंतर मागवली गेली.

ही घटना लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. ‘विभागप्रमुख स्वतःला वाचवण्यासाठी कामगारांचा बळी देतात’ असे लिहिता आले असते. त्या वाक्यात घटना नाही, तारीख नाही, पडताळून पाहण्यासारखे काहीच नाही. आहे तो फक्त त्यांच्या मनातल्या हेतूविषयीचा माझा तर्क, आणि वाचणाऱ्याला तो मान्य करणे किंवा नाकारणे एवढेच करता येते. मी जे लिहिले ते असे होते :

“मागील वर्षातील बोअरविषयक तक्रारीत तपासणी गटाने नोंदवलेले मूळ कारण अंतिम अहवालात बदलले गेले आणि त्याविषयी गटाशी चर्चा झाली नाही. दोन्ही मसुदे सर्व्हरवर आहेत. यामुळे खरे कारण दूर होण्यास उशीर झाला, तक्रार पुन्हा आली आणि चूक नसलेल्या ऑपरेटरच्या नोंदवहीत समज राहिली. माझी सूचना अशी की, चौथ्या टप्प्यावर तपासणी करणाऱ्याची सही असावी. विभागप्रमुखांनी कारण बदलल्यास बदलाचे कारण लिहावे आणि ते गटाला सांगावे.”

यात माझा राग नाही असे कोणी म्हणणार असेल, तर ते खरे नाही. मला त्या ऑपरेटरविषयी फार वाईट वाटले होते आणि आजही वाटते. पण त्या मतात माझ्या भावनेला जागा देऊन ऑपरेटरचा काही फायदा नव्हता. दोन मसुदे सर्व्हरवर आहेत हे वाक्य त्याच्या उपयोगाचे होते, कारण ते उघडून पाहायला आपल्याला पाच मिनिटे पुरली असती. हेतूविषयी मी मुद्दाम काही लिहिले नाही. ग्राहकापुढे कॅलिब्रेशन चुकल्याचे कबूल करणे अवघड असते, त्यावरून पुढच्या ऑडिटमध्ये मोठी त्रुटी निघू शकते, आणि विभागप्रमुखांवर वरून काही दडपण असेल तर ते मला दिसण्यासारखे नव्हते. त्यांनी तो बदल का केला हे त्यांनाच विचारायला हवे, आणि विचारण्याचा अधिकार आपल्याकडे किंवा कारखानाप्रमुखांकडे आहे.

दुसरी गोष्ट सकाळच्या उत्पादन बैठकीची. आदल्या दिवशी नाकारल्या गेलेल्या भागांचा आढावा तिथे घेतला जातो, आणि ज्याच्या लाइनवर नाकारलेले भाग जास्त, त्याला सगळ्या विभागांसमोर उभे करून जाब विचारला जातो. याबद्दल मी ‘अपमान’ हा शब्द वापरला नव्हता, कारण अपमान झाला की नाही यावर वाद होऊ शकतो. जो परिणाम मोजता येतो तो मी लिहिला होता. बैठकीच्या आदल्या संध्याकाळी तपासनीस संशयास्पद भाग नाकारलेल्या भागांच्या लाल पेटीत टाकण्याऐवजी ‘पुन्हा पाहू’ म्हणून बाजूला ठेवतात, ते दुसऱ्या दिवशी बैठकीनंतर नोंदले जातात, आणि मधल्या पाळीत तोच दोष असलेले आणखी भाग तयार होतात. लाल पेटीच्या नोंदीतल्या वेळा आणि यंत्राच्या नोंदीतल्या वेळा शेजारी शेजारी ठेवल्या, तर हा फरक दिसतो. माझी सूचना साधी होती : बैठकीत दोषाची चर्चा व्हावी, आणि माणसाशी बोलायचे असेल तर ते बैठकीनंतर केबिनमध्ये व्हावे. यासाठी पैसा लागत नाही, मंजुरी लागत नाही, आणि विभागप्रमुखांना ते दुसऱ्याच दिवशी करता आले असते.

तिसरी गोष्ट मूल्यमापनाची, आणि ती थोडक्यात सांगते. वर्षभर कामाविषयी एकही औपचारिक बोलणे न होता थेट एप्रिलमध्ये श्रेणी कळते, आणि ती का मिळाली हे विचारल्यावर ‘बेल कर्व्हमध्ये बसवावं लागतं’ असे उत्तर मिळते. हा दोष एकट्या विभागप्रमुखांचा नाही, कारण श्रेणींचे प्रमाण आपल्या विभागाकडूनच ठरून येते, आणि हेही मी लिहिले होते. जे व्यवस्थेचे आहे ते माणसाच्या माथी मारले, तर माणसाविषयीचे खरे मतही वाया जाते.

काय लिहायचे नाही हेही मी ठरवले होते. त्यांच्या घरच्या किंवा प्रकृतीच्या कोणत्याही गोष्टीचा उल्लेख केला नव्हता. इतरांनी मला खासगीत सांगितलेले काही लिहिले नव्हते, कारण विभागात माणसे थोडी आहेत आणि कोण काय म्हणाले हे नाव न लिहिताही ओळखू येते. ‘नेहमी’ आणि ‘कधीच नाही’ हे शब्द वापरले नव्हते, कारण एक जरी अपवाद निघाला तरी सगळे विधान खोटे ठरते. ज्या गोष्टी मी नोकरीत असताना त्यांच्याशी समोरासमोर बोलले होते त्या तशा नोंदवल्या होत्या, आणि ज्या बोलले नव्हते त्याही तशाच नोंदवल्या होत्या, म्हणजे त्यांना अचानक कळलेली गोष्ट कोणती आणि आधीच माहीत असलेली कोणती हे आपल्याला समजावे.

मला वाटते, जबाबदारीने दिलेले मत याहून वेगळे नसते. आता त्याचे पुढे काय झाले याविषयीच्या माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार अशी की, माझे संपूर्ण लेखी मत, माझ्या नावासह, दुसऱ्याच दिवशी विभागप्रमुखांकडे पोहोचले. मुलाखतीच्या सुरुवातीला मला सांगण्यात आले होते की हे गोपनीय राहील. माझे मत त्यांच्यापर्यंत पोहोचू नये अशी माझी इच्छा मुळीच नव्हती. पोहोचले नाही तर ते देण्याला अर्थ काय? पण ते केव्हा, कोणाकडून आणि कोणत्या रूपात पोहोचते यावर सगळे अवलंबून असते. एका माणसाचे नाव असलेला कागद हातात पडला की वाचणारा आधी त्या माणसाचा विचार करतो, मजकुराचा नंतर. तोच मजकूर काही महिन्यांनी, तीन-चार जणांच्या मतांमधून एकत्र काढलेला विषय म्हणून, त्यांच्या वरिष्ठांनी समोर बसून सांगितला असता, तर त्यावर बोलणे शक्य झाले असते. झाले असे की, त्या दिवसापासून माझ्या शेवटच्या दिवसापर्यंत आमच्यात कामापुरतेही नीट बोलणे झाले नाही, आणि माझ्या जागी येणाऱ्या मुलीला कॅलिब्रेशनचे वेळापत्रक समजावून सांगायचे होते तेही अर्धवट राहिले.

दुसरी तक्रार वेळेची. हा कागद त्यांच्याकडे गेला तेव्हा माझा नो ड्यूजचा फॉर्म त्यांच्याच सहीसाठी त्यांच्या टेबलावर होता. सही उशिरा झाली, त्यामुळे रिलिव्हिंग लेटर उशिरा मिळाले आणि हिशेबही उशिरा झाला. सही मुद्दाम थांबवली असे मी म्हणत नाही. तसे म्हणायला माझ्याकडे आधार नाही. माझा आक्षेप पद्धतीला आहे. ज्याच्याविषयी मत द्यायचे, त्याच्या सहीवर मत देणाऱ्याची शेवटची कागदपत्रे अडकलेली असतील, तर कोणताही शहाणा माणूस ‘बेटर ऑपॉर्च्युनिटी’वरच खूण करील. नवी कंपनी रिलिव्हिंग लेटर मागते, जुन्या अनुभवाची पडताळणी करते, आणि आपल्या चाकण-पिंपरीच्या पट्ट्यात गुणवत्ता विभागातले वरिष्ठ एकमेकांना ओळखतात. ही भीती काल्पनिक नाही. शिवाय वेतन संहिता, 2019 च्या कलम 17 नुसार राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचे देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचे आहे, आणि ही संहिता नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. ग्रॅच्युइटीसाठी तीस दिवसांची मुदत तर त्याआधीपासून आहे. नो ड्यूजवर सही राहिली हे कारण या मुदती पुढे ढकलायला पुरेसे नाही.

तिसरी तक्रार या परिपत्रकाविषयी. विभागप्रमुख समोर बसले असताना त्यांच्याविषयी खरे सांगावे अशी अपेक्षा आपण करत असाल, तर ती अपेक्षा आपण स्वतः आपल्या वरिष्ठांसमोर पूर्ण करू शकाल का, एवढा एक विचार करावा. आणि फक्त पर्यायांवर खूण करण्याच्या फॉर्मविषयी सांगायचे, तर त्यावर ‘वरिष्ठांशी संबंध : समाधानकारक / असमाधानकारक’ एवढेच लिहिलेले असते. सेटिंग रिंगची गोष्ट त्या दोन शब्दांत कशी सांगायची? ‘असमाधानकारक’वर खूण केली, तर विभागप्रमुखांनाही कळत नाही की त्यांनी नेमके काय बदलावे. तो फॉर्म त्यांच्यावरही अन्यायच करतो.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट शब्दांत मांडते.

हे परिपत्रक मागे घ्यावे. एक्झिट इंटरव्ह्यू विभागप्रमुखांनी किंवा त्यांच्या उपस्थितीत घेऊ नये. तो मनुष्यबळ विभागातल्या, पण सोडणाऱ्याच्या विभागाचे रोजचे काम न पाहणाऱ्या अधिकाऱ्याने घ्यावा. सविस्तर लेखी उत्तराची जागा फॉर्मवर राहावी.

रिलिव्हिंग लेटर आणि अंतिम हिशेब हातात पडल्यानंतरच वरिष्ठांविषयीचे प्रश्न विचारावेत. शेवटच्या आठवड्यात कामाचे हस्तांतरण, साहित्य परत करणे, भविष्य निर्वाह निधीचे कागद यांविषयी बोलावे, आणि वरिष्ठांविषयीचे बोलणे दोन-तीन महिन्यांनी, ऐच्छिक ठेवून, फोनवर करावे. तोपर्यंत सोडणाऱ्याचा राग निवळलेला असतो आणि भीतीही राहिलेली नसते. काही जण फोन उचलणार नाहीत हे मला मान्य आहे. जे उचलतील त्यांचे बोलणे अधिक विश्वासाचे असेल.

वरिष्ठांविषयीचे मत त्यांच्यापर्यंत पोहोचवताना किमान तीन जणांची मते एकत्र केल्याशिवाय ते देऊ नये. आपल्यासारख्या लहान विभागात तीन जण सोडायला वर्षही लागू शकते, म्हणून ज्याला आपले मत नावासह लगेच पोहोचवायचे असेल, त्याची तशी लेखी संमती घ्यावी. मला विचारले असते, तर बोअरच्या तक्रारीचा भाग मी नावासह पुढे जाऊ दिला असता आणि बैठकीचा भाग थांबवला असता. हा निर्णय माझा होता. तो मला घेऊ द्यायला हवा होता.

थांबता येणार नाही अशा बाबींसाठी मात्र वेगळी वाट ठेवावी आणि मुलाखतीच्या सुरुवातीलाच ती सांगावी. लैंगिक छळाची तक्रार असेल, तर 2013 च्या कायद्याप्रमाणे ती अंतर्गत समितीकडे जायला हवी, आणि तिला घटनेपासून तीन महिन्यांची मुदत असते. ती एक्झिट इंटरव्ह्यूच्या फायलीत पडून राहता कामा नये. सुरक्षेचा किंवा नोंदी बदलण्याचा प्रश्न असेल, तर तो त्याच आठवड्यात कारखानाप्रमुखांकडे जावा. माझ्या मतातली पहिली गोष्ट खरे तर या प्रकारात मोडत होती, आणि ती ओळखून वेगळी काढणे हे मुलाखत घेणाऱ्याचे काम होते.

राजीनाम्याचे जे कारण नोंदवले जाईल, ते सोडणाऱ्याला वाचायला द्यावे, त्यावर त्याची सही घ्यावी आणि एक प्रत त्याला द्यावी. माझी नोंद दुरुस्त करावी. माझ्या शब्दांत ती अशी असेल : ‘तपासणीचे निष्कर्ष चर्चेविना बदलले जाणे.’

आणि एक मागणी माझ्यासाठी नाही. त्या ऑपरेटरच्या नोंदवहीतली समज काढून टाकावी. दोन्ही मसुदे सर्व्हरवर आहेत, दुसऱ्या पाळीतली तक्रार नोंदीत आहे, नवी रिंग मागवल्याची खरेदीची ऑर्डरही आहे. या तीन कागदांवरून निर्णय करता येतो. त्यासाठी माझी साक्षही लागणार नाही. तो अजून त्याच लाइनवर काम करतो आणि या वर्षीच्या मूल्यमापनात ती समज त्याच्या विरुद्ध धरली जाईल.

विभागप्रमुखांवर कारवाई व्हावी अशी माझी मागणी नाही. त्यांना नवीन माणसांना ड्रॉइंग वाचायला शिकवण्याचे काम द्यावे, ते त्यात उत्तम आहेत. आणि मूळ कारण बदलताना गटाशी बोलावे एवढे त्यांना त्यांच्या वरिष्ठांनी सांगावे.

मला वैयक्तिक उत्तर नको आहे. परिपत्रकाचे काय ठरले ते गुणवत्ता विभागाच्या सूचनाफलकावर लावावे आणि समज रद्द झाल्याचे पत्र त्या ऑपरेटरला एप्रिलच्या मूल्यमापनाआधी द्यावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
गुणवत्ता विभागातील एक माजी अभियंता